पाच प्रश्नांचा तास: नववीच्या वर्गातल्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

सुट्टी संपली, पण पोरं अजून दिवाळीतच आहेत. आज मधल्या सुट्टीत नववीची दोन पोरं ऑगस्टमधली गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होती. आपल्याच हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचं आमंत्रण आलं, त्यानं ते उघडलं आणि खात्यातून जवळजवळ १ लाख ९० हजार रुपये गेले. पेपरात आलेली बातमी आहे ती. पोरं मात्र ती भुताची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. पत्रिका उघडली म्हणजे नेमकं काय उघडलं, हे विचारल्यावर दोघंही गप्प.

यावर तास घ्यायचा ठरवलं. ३५ मिनिटांच्या दोन तासिका जोडून मागितल्या, हेडसरांनी मंगळवारच्या शेवटच्या दोन दिल्या. शाळेत मोबाईल आणायची परवानगी नाही, म्हणून सगळं कागदावर. अर्ध्या फुलस्केपवर एक मेसेज, अशी १२ कार्डं माझ्या हातानं लिहिली. वर पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, खाली मजकूर जसाच्या तसा. सहा खरी, सहा खोटी. खरी स्टाफरूममधल्या फोनांवरून उतरवली, खाते क्रमांक आणि नावं बदलून.

खोट्या लिंका लिहिताना थोडं अडलं. मी सहज काही लिहिलं आणि तो कोणाचा तरी खरा पत्ता निघाला तर? म्हणून प्रत्येक खोट्या लिंकेचा शेवट `.example` असा केला. हे टोक उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, कोणालाही विकत मिळत नाही.

प्रश्नही ठरवले. मेसेज कोणी पाठवला? तो घाई करतोय का? पैसे, आधार नंबर किंवा ओटीपी मागतोय का? लिंक बरोबर आहे का? आणि शंका आली तर कोणाला विचारू? फळ्यावर छान दिसतील असे पाच. तेव्हा तरी तसं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

३६ पोरं, चौघांचा एक असे नऊ गट. प्रत्येक गटाला १२ कार्डं आणि प्रत्येक कार्डावर निकाल द्यायचा: खरं की खोटं. दंगा भरपूर झाला, पण कामाचा दंगा.

लॉटरी लागली, वीज आज रात्री कापणार, चलन भरा, घरबसल्या रोज तीन हजार कमवा, खातं बंद पडणार. ही पाच खोटी कार्डं सगळ्या गटांनी वाचायच्या आधीच बाजूला टाकली. सहावं कार्ड लग्नपत्रिकेचं. वर "मामा" असं लिहिलेलं, खाली "लग्नाला नक्की या" आणि फाईलचं नाव `lagnapatrika.pdf.apk`. नऊच्या नऊ गटांनी ते खऱ्यात टाकलं. गुरुवारी हिंगोलीची गोष्ट सांगणारा पोरगासुद्धा त्यातच. मी म्हटलं, अरे, तूच तर सांगत होतास.

"पण बाई, हे तर मामाच्याच नंबरावरून आलंय की. मग खोटं कामून राहील?"

माझ्याच पहिल्या प्रश्नानं त्याला हे उत्तर दिलं होतं. पाठवणारा कोण? मामा. ओळखीचा? हो. झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल रात्री आकडे मांडले. दोन रकाने केले: खोट्याला खोटं म्हटलं किती वेळा, आणि खऱ्याला खोटं म्हटलं किती वेळा. नऊ गट, सहा खोटी कार्डं, म्हणजे ५४ निकाल. त्यातले ४५ बरोबर. उरलेले नऊ म्हणजे ती एक पत्रिका. हे ऐकायला बरं वाटतं. पण खऱ्या कार्डांच्या ५४ निकालांपैकी २९ ठिकाणी पोरांनी खऱ्याला खोटं म्हटलं होतं. बँकेनं पैसे काढल्याचा कळवलेला मेसेज खोटा. महावितरणचं महिन्याचं बिल खोटं. आमच्याच शाळेनं पालकसभेसाठी पाठवलेला मेसेज, तोही खोटा!

म्हणजे पोरं ओळखायला शिकली नव्हती, घाबरायला शिकली होती. सगळी कार्डं खोट्यात टाकणाऱ्या गटालाही पहिल्या रकान्यात पैकीच्या पैकी मिळाले असते. मी फक्त खोटी कार्डं वाटली असती तर तास जोरात झाला म्हणून खूश होऊन घरी गेले असते.

पत्रिकेचं आधी निस्तरू. गणिताचे सर या बाबतीत माझ्यापेक्षा जाणकार आहेत, त्यांच्यासोबत बसून ती फाईल आत गेल्यावर काय करते ते क्रमानं लिहून काढलं. `.apk` म्हणजे चित्र नाही, कागद नाही. अँड्रॉइड फोनवर चढवायचं अ‍ॅप. नावात आधी `.pdf` असलं तरी शेवटचं टोक काय आहे ते बघायचं. दाबल्यावर फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप चढवायला परवानगी द्यायची का? माणूस पत्रिका बघायच्या नादात हो म्हणतो. मग अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. त्यालाही हो. तिथून पुढे बँकेचा ओटीपी आपल्या आधी त्यांना दिसतो. आणि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर सुरू करायला जो सहा आकडी कोड लागतो, तोही एसएमएसनंच येतो. तो वाचला की मामाचं व्हॉट्सअ‍ॅप त्यांच्या हातात, आणि मामाच्या यादीतल्या सगळ्यांना तीच पत्रिका. मामाच्याच नंबरावरून.

ओळखीचा नंबर हा या फसवणुकीतला अपघात नाही, तिचं वाहन आहे. "कोणी पाठवला?" हा प्रश्न मी काढून टाकते. सर म्हणाले, सगळ्या पुस्तिकांत हाच पहिला असतो. असू द्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहिताना हात जड झालाय.

साडेदहाला एक आई शाळेत आली. नाव लिहीत नाही. मुलगी नववीत, हुशार, मंगळवारी तिच्या गटानं एकूणएक कार्ड खोट्यात टाकलं होतं (पत्रिका सोडून, अर्थात). आईला बचत गटाच्या ग्रुपवर लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा मेसेज आला होता. १८ तारखेच्या आत करा, नाहीतर महिन्याचे १५०० रुपये थांबतील. पोरीनं तो वाचला आणि आईला ठणकावलं: घाई करतोय, आधार मागतोय, ओटीपी मागतोय, पैशाचं आमिष आहे. चारही खुणा जुळल्या. खोटा आहे, हात लावू नको. आईनं सहा दिवस हात लावला नाही.

मेसेज खरा होता. ई-केवायसी खरंच करायची होती, १८ तारीख खरंच शेवटची होती, आणि तिथे खरंच आधार नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो. आधी बाईचा स्वतःचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. माझ्या प्रश्नांच्या हिशेबानं सरकारचं संकेतस्थळ हे नंबर एकचं भामटं ठरत होतं.

आई रागावली नव्हती. "पोरगी म्हणली बाईनं शिकवलंय, म्हणून थांबले," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मधल्या सुट्टीत तिच्यासोबत कार्यालयात बसले. ग्रुपवरची लिंक दाबली नाही. `ladakibahin.maharashtra.gov.in` हा पत्ता स्वतः टाकला. नवरा ऊसतोडीला बाहेर, ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. फोन लावला तर पहिल्यांदा लागला नाही. साईटही रखडत होती, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. शेवटी झालं एकदाचं. आणि संध्याकाळी बातमी आली की मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. हायसं वाटलं, पण ते काही माझं कर्तृत्व नव्हे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा तास घेतला नाही. पोरांना खरं ते सांगितलं: माझे प्रश्न चुकले, दुरुस्त करून आणते. एकानं विचारलं, "म्हणजे आमचे मार्क वाढतील?"

काल रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. घाई, ओटीपी, आधार, पैसे ही खोटेपणाची लक्षणं नाहीत. खऱ्या कामातही ती सगळी असतात. बँकेचा ओटीपी काही मिनिटांत संपतो, ती घाई खरीच आहे. मग फरक कुठे पडतो? मी स्वतः दुकानदाराला पैसे पाठवायला निघाले आणि ओटीपी आला, तर तो माझ्या कामाचा. मी चुलीपुढे बसले आहे आणि अचानक ओटीपी आला, तर कोणीतरी दुसरा माझ्या खात्याच्या दाराशी उभा आहे. मेसेजचा मजकूर दोन्ही वेळी अक्षरशः सारखाच असतो. हे कार्ड वाचून कधीच कळणार नाही. ते वाचणाऱ्यालाच माहीत असतं.

नवे प्रश्न असे लिहिले:

१. हा मेसेज माझ्याकडून नेमकं काय करून घ्यायला बघतोय?
२. हे काम मी सुरू केलं होतं का?
३. उद्यापर्यंत थांबले तर खरंच काय बुडतं?
४. लिंक किंवा फाईल मला कोणाच्या दारात नेते?
५. या मेसेजला न विचारता दुसऱ्या कोणाला विचारता येईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर क्रियापदात द्यायचं. दाब, चढव, सांग, भर, पुढे पाठव. "काही नाही, फक्त कळवतोय" असं उत्तर आलं तर पुढचे चार विचारायचेच नाहीत. पैसे काढल्याचा मेसेज, पालकसभेचा मेसेज हे तिथेच सुटतात. आणि क्रियापद निघालं, तर पाचव्याचं उत्तर हातात येईपर्यंत ते करायचं नाही. मधले तीन प्रश्न अंदाज देतात. निकाल पाचवा देतो.

निकालाच्या रकान्यातही बदल केला. खरं, खोटं, आणि तिसरा: "विचारून ठरवू". तिसरा लिहिणाऱ्यानं कोणाला विचारणार तेही लिहायचं, नाहीतर शून्य. सगळं त्याच रकान्यात ढकलून मोकळं व्हायला पोरं वस्ताद आहेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथ्या प्रश्नासाठी वेगळी तासिका लागली. "लिंक बरोबर आहे का?" असं विचारलं की पोरं स्पेलिंग तपासतात. लिंक वाचायची कशी हे मी शिकवलंच नव्हतं.

फळ्यावर आधी आपला टपालाचा पत्ता लिहिला: घर नंबर, मु. पो., ता. वसमत, जि. हिंगोली. पत्र कुठल्या जिल्ह्यात जाणार हे कशावरून कळतं? शेवटच्या शब्दावरून. मग विचारलं, पाकिटावर "हिंगोली गल्ली, वसमत वाडा, ता. अंबड, जि. जालना" लिहिलं तर? सगळे म्हणाले, जालन्याला. मधे हिंगोली कितीदाही लिहा, पत्र शेवटी जालन्यालाच जाणार.

लिंकेचंही तसंच. `https://` च्या पुढे निघायचं, पहिली तिरकी रेघ येईल तिथे कात्री लावायची, आणि उरलेलं उजवीकडून डावीकडे वाचायचं. दोन पत्ते एकाखाली एक लिहिले:

```
https://ladakibahin.maharashtra.gov.in/
https://ladakibahin.maharashtra.gov.in.ekyc-form.example/
```

वरच्यात उजवीकडून `in`, मग `gov`, मग `maharashtra`. `gov.in` हे टोक सरकारी कार्यालयांनाच मिळतं. नुसतं `.in` कोणीही विकत घेऊ शकतो. खालच्यात तेच सगळे शब्द आहेत, पण उजवीकडून वाचलं की `example`, मग `ekyc-form`. घर त्याचं आहे. आधीचं सगळं दारावर रंगवलेलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "हे तर हिंगोली गल्ली झालं बाई!" त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. दिवसभर पोरं एकमेकांना "हिंगोली गल्ली" म्हणत होती.

एका मुलीनं विचारलं, ठिपक्याऐवजी आडवी रेघ असली तर? चांगला प्रश्न. `maharashtra-gov` हा एकच शब्द आहे, कोणीही ठेवलेलं नाव. भिंत ठिपक्यानं पडते, रेघेनं नाही.

या प्रश्नाची मर्यादाही सांगितली. बँका आणि दुकानं खऱ्या मेसेजमध्येसुद्धा आखूड लिंका पाठवतात, त्यांत मुक्कामाचं गाव दिसतच नाही. तिथे चौथ्याचं उत्तर "दिसत नाही" असं लिहायचं आणि थेट पाचव्यावर जायचं. लिंक दाबून बघू कुठे जाते, हे उत्तर नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी फेरी. नवी १२ कार्डं, पुन्हा सहा-सहा. या वेळी खोट्यातही शांत, न घाबरवणारे मेसेज ठेवले आणि खऱ्यातली दोन मुद्दाम घाईची घेतली. ई-केवायसीची जोडी दोन वेगळी कार्डं म्हणून टाकली: मजकूर तोच, फक्त लिंकेचं टोक वेगळं.

जिची आई शाळेत आली होती, त्या मुलीच्या गटाजवळ जरा जास्तच रेंगाळले. खऱ्या कार्डावर तिनं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते. "१. आधार नंबर टाक, ओटीपी सांग. २. फॉर्म आईनं मागच्या वर्षी भरला होता, पण हा मेसेज मागितला नव्हता. ३. ३१ डिसेंबर आहे, उद्या काही बुडत नाही. ४. gov.in च्या दारात. ५. अंगणवाडीच्या ताईला विचारणार आणि पत्ता स्वतः टाकणार." निकाल: विचारून ठरवू. जोडीच्या खोट्या कार्डावर चौथ्याचं उत्तर फक्त दोन शब्दांत: "हिंगोली गल्ली". बाकी तिनं लिहायचीही तसदी घेतली नाही.

तिच्या शेजारच्यानं विचारलं, ग्रुपवरच्याच ताईला ग्रुपवरच विचारलं तर चालेल का? नाही. त्याच दारातून आत जाऊन "हे घर चोराचं आहे का?" असं विचारण्यासारखं आहे ते. तिच्या घरी जा, नाहीतर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरावर फोन कर आणि आवाज ऐक. मेसेजमध्येच दिलेल्या नंबरावर तर मुळीच नाही. पत्रिकेच्या कार्डावरही हेच: मामाला फोन लावायचा, कोणाचं लग्न ठरलंय ते विचारायचं.

आकडे: खोट्या कार्डांच्या ५४ निकालांपैकी ४७ वेळा पोरं थांबली. खऱ्याला थेट खोटं म्हणणं २९ वरून ८ वर आलं. पत्रिका या वेळी नऊपैकी आठ गटांनी अडवली. पण ही तीच पोरं, त्याच बाईंच्या हातची कार्डं, आणि दोन आठवड्यांचा सराव. माझं अक्षर बघूनसुद्धा काहींनी ओळखलं असेल. दहावीच्या वर्गावर एकदा करून बघायला हवं.

जे सात निकाल चुकले, त्यांतले सहा एकाच कार्डावर. लिंक नाही, पैसे नाहीत, फक्त "पोरं पळवणारी टोळी तालुक्यात आली आहे, सगळ्या ग्रुपवर पाठवा" असा मजकूर. पोरांनी पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं: "काही नाही, फक्त कळवतोय." पुढे पाठव हे क्रियापद त्यांना काम वाटलंच नाही. त्यांना १ जुलै २०१८ चं राईनपाडा सांगितलं. धुळे जिल्ह्यात, याच अफवेवरून, मंगळवेढ्याकडून आलेल्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. तेव्हा ही पोरं सहा-सात वर्षांची होती. वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. एकानं हळूच त्या कार्डावर "फक्त कळवतोय" खोडून "पुढे पाठव" लिहिलं.

८ डिसेंबर, सोमवार

मधला आठवडा निवडणुकीच्या ड्युटीत गेला. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

घरचा अभ्यास आज गोळा केला. घरातल्या एका मोठ्या माणसाच्या फोनमधला, मागच्या सात दिवसांतला एक मेसेज वहीत उतरवून त्याला पाच प्रश्न लावायचे. अट अशी की फोनच्या मालकाची परवानगी हवी, आणि ओटीपी, खाते क्रमांक, माणसांची नावं वहीत येता कामा नयेत. तरी एकीनं आजोबांच्या खात्यातली शिल्लक लिहून आणलीच. मी ती खोडली आणि कोणाला सांगितली नाही.

३६ पैकी २७ वह्या आल्या. बहुतेकांत अतिवृष्टीच्या अनुदानाचे मेसेज होते, ते साहजिकच आहे. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं, घराघरात अनुदानाचीच वाट बघणं चालू आहे. पाचव्या प्रश्नापुढे तलाठी, कृषी सहायक, बँकेतले काका अशी माणसं आली. एकानं लिहिलं, "पप्पाला." पप्पांनीच मेसेज पाठवला होता, हे त्याला विचारल्यावर आठवलं.

फाईल आधीच उघडली असेल तर काय, हे दोघांनी वेगळं विचारलं आहे. ते कार्डाच्या मागच्या बाजूला छापायचं ठरवलं: आधी फोनचं इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, आणि तक्रार `cybercrime.gov.in` वर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत १९३० लागला तर ते अडवता येण्याची शक्यता राहते, म्हणून रडारड नंतर.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. दहावीसाठी कार्डं दुसऱ्याच्या अक्षरात हवीत, म्हणून नववीतल्याच तिघांना बसवून लिहून घेतली. खोटे मेसेज रचताना त्यांना फार मजा आली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगले रचतात, थोडी काळजीच वाटली. रचलेलं प्रत्येक खोटं कार्ड मी मोजून घेतलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

निघताना एक पोरगा थांबला. "बाई, मेसेज नाही आला, फोनच आला तर? माणूस बोलतच राहतो. पाच प्रश्न विचारायला टाईम कुठंय?"

खरं आहे त्याचं. कार्ड गप्प बसतं म्हणून त्याच्यापुढे बसून विचार करता येतो. बोलणारा माणूस आपल्याला विचार करू देत नाही, त्याचं कामच ते. त्याला म्हटलं, फोनला तिसरा प्रश्न आधी लाव आणि ठेवून दे. खरं काम असलं तर उद्या तूच त्यांच्या ऑफिसचा नंबर शोधून लावशील. "आणि तो रागावला तर?" "रागावू दे."

त्याचं पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही. पुढच्या महिन्यात फोनवर बोलायचं नाटक बसवून बघते: एक पोरगा भामटा, एक घरातला, आणि गणिताचे सर घड्याळ लावून बसतील. भामटा व्हायला आत्ताच सात जण तयार आहेत.